हातचे राखून

पहिल्यांदा हात दाखवून आल्यावर त्याच रात्री लिहिलेली रोजनिशीतली नोंद एका हस्ताक्षरात असली तरी ती दोघींनी लिहिलेली असते. एकीला ऐकलेले सगळे खरे व्हावे असे मनापासून वाटत असते, आणि दुसरी दक्षिणेचा हिशेब मागत असते. पहिली उद्गारचिन्हे घालते, दुसरी ती खोडते. अशा नोंदीचा अभ्यास करायचा तर मजकुराबरोबर खाडाखोडही वाचावी लागते.

येथे नमुना म्हणून घेतलेली नोंद पुण्यातल्या 26 वर्षांच्या एका तरुणीची आहे. ती हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याने केलेल्या कामात चूक कुठे आहे हे शोधण्याचा तिला पगार मिळतो. ती अविवाहित आहे, आईवडिलांकडे राहते, आणि परदेशी विद्यापीठाचा एक अर्ज तिच्या ड्राफ्टमध्ये सात महिने पडून आहे. नोंदीच्या वर ‘रविवार, रात्री 11.20’ असे लिहिले आहे.

मध्यमवर्गीय मराठी रोजनिशीच्या रिवाजाप्रमाणे नोंद भविष्यापासून नव्हे, तर खर्चापासून सुरू होते: रिक्षा 140, काका 501, येताना भेळ 60. रिक्षा प्रवासाच्या सदरात गेली आणि भेळ खाण्याच्या. ‘काका 501’ पुढे मात्र ‘इतर’ असे लिहून खोडलेले आहे, मग ‘करमणूक’ असे लिहून तेही खोडलेले आहे. काका म्हणजे हात पाहणारे गृहस्थ. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर ते बसतात. दारावरच्या पाटीवर ‘दक्षिणा यथाशक्ती’ असे मोठ्या अक्षरात आणि ‘किमान रु. 501’ असे लहान अक्षरात लिहिले आहे. म्हणजे शक्ती कोणाची हे पाटीनेच ठरवून टाकले आहे.

तिथवर जाण्याचे कारण नोंदीत एका ओळीत येते: आत्या. “अगं, दाखवून तर बघ, हात काय झिजतो का?” असे आत्या तीन महिने म्हणत होती. आईने जाताना ‘हात दाखवून अवलक्षण’ एवढेच म्हटले. आजीची हरकत जास्त मूलभूत होती. तिच्या मते सहाव्या रात्री सटवाई येते आणि काय ते कपाळावर लिहून जाते. मूळ दस्तऐवज कपाळावर असताना हातावरची नक्कल कोणी आणि कशासाठी काढली, हा तिचा प्रश्न होता. आत्याने त्यावर उत्तर दिले नाही. कपाळ आपले आपल्याला वाचता येत नाही, ही आपली सोय म्हणावी की गैरसोय, हाही मुद्दा अनुत्तरित राहिला.

नोंदीचा दुसरा भाग वृत्तांताचा आहे. काकांनी आधी अंगठा मागे वाकवून पाहिला, कारण लवचीक अंगठा उदार आणि ताठ अंगठा हट्टी समजला जातो. तिचा मधोमध थांबला. मग त्यांनी बोटांखालचे उंचवटे दाबले: तर्जनीखाली गुरू, मधल्या बोटाखाली शनी, अनामिकेखाली रवी, करंगळीखाली बुध. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग शुक्राचा आणि त्याच्यासमोरचा, मनगटाकडचा भाग चंद्राचा. शेवटी भिंग काढून त्यांनी रेषा घेतल्या. परंपरेप्रमाणे बायकांचा डावा हात पाहतात. पाश्चात्त्य पद्धतीत डावा हात जन्माबरोबर आलेले दाखवतो आणि उजवा स्वतः कमावलेले. काका दोन्ही पद्धती मानत. त्यामुळे डाव्या हातावर जे सापडले नाही ते उजव्यावर शोधायला मोकळीक राहिली. बोलता बोलता त्यांनी कीरोचे नाव घेतले. कीरो म्हणजे 1866 साली आयर्लंडमध्ये जन्मलेला विल्यम जॉन वॉर्नर. ही विद्या आपण कोकणातल्या एका गुरूकडे शिकलो असे तो स्वतः सांगत असे. लंडनमध्ये नाव काढायला कोकण आणि सदाशिव पेठेत नाव काढायला लंडन, असा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख झालेला दिसतो.

काकांनी सांगितलेली वाक्ये तिने क्रमांक घालून लिहिली आहेत. ती अशी:

1. “वरून शांत दिसतेस, पण आत विचारांचं काहूर असतं.”
2. “लोकांसाठी खूप करतेस, पण हाताला यश नाही.”
3. “पैसा येतो, पण टिकत नाही.”
4. “तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मनाला एक धक्का बसलाय.”
5. “पाठ किंवा पोट, जपायला हवं.”
6. “परदेशाचा योग आहे, पण समुद्र ओलांडायचा की नाही ते तुझ्या मनावर.”
7. “येत्या आठ महिन्यांत मोठा बदल. मग गाडी रुळावर.”

पहिल्या लेखनात या यादीपुढे ‘कसं ओळखलं!!’ असे दोन उद्गारचिन्हांसह लिहिले आहे. नोंद इथेच संपली असती तर ती इतर हजारो नोंदींसारखी झाली असती. पण 11.50 च्या सुमारास लेखिका दात घासायला उठली आणि परत येऊन तिने समासात लिहायला सुरुवात केली. समासातली शाई वेगळी आहे.

समासातली पहिली टीप भावाबद्दल आहे. हा संवाद मुख्य वृत्तांतात नाहीच, तो दात घासताना आठवला. काका म्हणाले होते, “तुला एक भाऊ.” ती म्हणाली, “नाही, मी एकटीच.” काका म्हणाले, “भावासारखं कोणी?” ती म्हणाली, “चुलतभाऊ आहे, नागपूरला.” काका भिंग खाली ठेवून म्हणाले, “तेच.” वाड्यात बसलेली असताना हे उत्तर तिला चूक वाटले नाही. घरी येऊन लिहिताना तर ते यादीतूनच गळाले. हातून निसटलेले नेम असे विसरले जातात आणि लागलेले तेवढे लक्षात राहतात. यात फसवणुकीचा हेतू कोणाचाही असावा लागत नाही, काकांचा नाही आणि तिचाही नाही. आठवण ही आपणहून यजमानाची बाजू सावरून घेणाऱ्या पाहुणीसारखी वागते. म्हणून हस्तदर्शनाची नोंद त्याच दिवशी आणि शक्य तर चुकांपासून सुरू करून लिहावी. दुसऱ्या दिवशीपर्यंत चुलतभावाचा सख्खा भाऊ झालेला असतो.

दुसरी टीप ‘कोणी आधी सांगितलं’ या मथळ्याखाली आहे. इथे लेखिकेचा व्यवसाय जागा होतो. टेस्टिंगमध्ये एखादी गोष्ट बिघडली की ती कोणत्या पायरीवर बिघडली हे पाहण्यासाठी सगळ्या पायऱ्या क्रमाने पुन्हा कराव्या लागतात. तिने तेच केले. वृत्तांतात ‘काकांनी आजीचं आजारपण ओळखलं’ असे वाक्य होते. क्रमाने आठवल्यावर ते असे निघाले: काका म्हणाले, “घरात एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या तब्येतीची काळजी दिसते…” आणि थांबले. हा थांबा तिच्या अंदाजाने चार-पाच सेकंदांचा होता. चार-पाच सेकंद गप्प बसणे पुणेकर मध्यमवर्गाला झेपत नाही. ती म्हणाली, “आजीचे गुडघे.” काका म्हणाले, “आजीच.” करिअरचे तसेच. मनात करिअरबद्दल प्रश्न आहे हे काकांनी हात हातात घेताच सांगितले होते. पण खाली जिन्यापाशी एक रजिस्टर ठेवलेले होते. त्यात नाव, जन्मतारीख, व्यवसाय आणि ‘प्रश्नाचा विषय’ असे चार रकाने होते. चौथ्या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात ‘करिअर’ लिहिले होते. राहता राहिली घरात लग्नासाठी स्थळे पाहत असल्याची गोष्ट, जी काकांनी अशीच ओळखली होती. ती माहिती वेळ ठरवण्यासाठी फोन करताना आत्याने विनाशुल्क पुरवली होती. या फेरतपासणीनंतर दोनपैकी एक उद्गारचिन्ह खोडलेले दिसते.

तिसरी टीप वाक्यांच्या बांधणीची आहे, आणि ती सर्वांत उपयोगी आहे. सातांपैकी चार वाक्यांत ‘पण’ आहे आणि पाचव्यात ‘किंवा’. ‘पण’च्या अलीकडचे लागू पडले नाही तर पलीकडचे पडते. दोन्ही पडली तर ज्योतिषी थोर. बेरीज करताना हातचा एक धरतात तसा इथे प्रत्येक वाक्यात एक हातचा राखलेला असतो. चौथ्या वाक्यात ‘पण’ नाही, कारण त्याची गरज नाही. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मनाला धक्का बसलेला नाही अशी व्यक्ती पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत शोधूनही सापडणे कठीण. पाचव्या वाक्याबद्दल तर तिने फक्त एवढेच लिहिले आहे की आठ तास खुर्चीत बसून दुपारी कँटीनमध्ये जेवणाऱ्या माणसाची पाठ किंवा पोट दुखणार नाही तर काय दुखणार.

अशी वाक्ये सगळ्यांना चपखल बसतात हे मोजून दाखवले गेले आहे. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. ते कितपत जुळते याला 0 ते 5 गुण द्यायला सांगितले. सरासरी 4.3 च्या आसपास आली. मग त्याने उघड केले की सर्वांना एकच वर्णन दिले होते, आणि त्यातली बहुतेक वाक्ये त्याने रस्त्यावर विकायला असलेल्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. रे हायमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट हस्तरेषांशी थेट संबंधित आहे. तरुणपणी तो पैशांसाठी हात पाहत असे, आणि लोक ‘अगदी खरं’ म्हणत असल्यामुळे त्याचा त्यावर विश्वासही बसला होता. एका परिचित जादूगाराने त्याला सुचवले की काही दिवस रेषा जे सांगतात त्याच्या नेमके उलटे सांगून बघ. त्याने तसे केले. लोक तितक्याच खुशीने ‘अगदी खरं’ म्हणत राहिले.

लेखिकेने या प्रयोगाची घरगुती आवृत्ती केली. ज्याला अशी शंका आली असेल त्याला ती सहज करता येते. ऐकलेली वाक्ये संदर्भ न देता दुसऱ्याला वाचून दाखवायची आणि ती त्याच्याबद्दल आहेत असे भासवायचे. आई अजून जागी होती. पहिली तीन वाक्ये ऐकून आईने ओट्यावरचे फडके खाली ठेवले आणि विचारले, “हे माझ्याबद्दल तुला कोणी सांगितलं?” दुसऱ्या वाक्यावर तर ती काही वेळ बोललीच नाही. ‘हाताला यश नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहिणीला वाचून दाखवले तर हेच घडेल अशी नोंद तिने केली आहे. बाबांना सहावे वाक्य वाचून दाखवले. बाबा म्हणाले, “लाँचने अलिबागला गेलो होतो की. माझा योग संपला.” निकाल: आई सातांपैकी सहा, बाबा पाच, आणि स्वतः लेखिका सहा. हात एकीचा आणि भविष्य कुटुंबाचे, असा निष्कर्ष तिने काढला आहे.

यानंतर रेषांचाच विचार येतो. नोंदीच्या मध्यावर तळहाताची एक रेखाकृती आहे. आयुष्यरेषा, मस्तकरेषा आणि हृदयरेषा या तीन मुख्य रेषा गर्भावस्थेच्या साधारण 7 व्या ते 13 व्या आठवड्यांत तयार होतात. त्या त्वचेच्या घड्या आहेत. इस्त्री केलेला सदरा कोपरापाशी जसा ठरलेल्या जागी मुडपतो तसा तळहात मिटताना ठरलेल्या जागी मुडपतो, आणि त्या जागी त्वचा आतल्या थराशी घट्ट राहते. हे पाहायला पुस्तक लागत नाही. अंगठा आत आणला की आयुष्यरेषा खोल होते. करंगळीकडची तीन बोटे वाकवली की हृदयरेषा मिटते, आणि तर्जनी वाकवली की मस्तकरेषा. तिने टेबलावरच्या दिव्याखाली हे तीनदा करून पाहिले. आयुष्य, बुद्धी आणि प्रेम या तिन्ही गोष्टी मूठ वळण्याच्या सोयीसाठी आहेत असे ध्यानात आल्यावर तिने थोडा वेळ मूठ वळलेलीच ठेवली, असे पुढच्या ओळीतल्या वेड्यावाकड्या अक्षरांवरून दिसते.

आता राहिले सातवे वाक्य. बाकीची सहा वाक्ये भूतकाळाची, स्वभावाची किंवा बिनमुदतीची होती, त्यामुळे ती सोडून देताना काही जात नव्हते. सातव्यात मुदत होती, आणि मुदत असलेले वाक्य सोडवत नाही. भाग्यरेषेवर वर्षे मोजण्याची रीत काकांनी समजावून दिली होती: मनगटापासून मस्तकरेषेपर्यंत 35 वर्षे. तिने कंपासपेटीतली पट्टी काढून आपल्या हातावर हे अंतर मोजले. ते 45 मिलिमीटर भरले. म्हणजे एका वर्षाला सुमारे 1.3 मिलिमीटर, आणि आठ महिन्यांना साधारण 0.86. म्हणजे पुरता एक मिलिमीटरही नाही. मोजणी मनगटाच्या कोणत्या वळीपासून सुरू करायची याबद्दल अर्ध्या मिलिमीटरचा घोळ झाला तरी भविष्य पावणेपाच महिने पुढेमागे होते. आणि तिच्या मनगटावर वळ्या तीन आहेत. काकांनी हे माप नुसत्या भिंगाने, बोलता बोलता, चहा पिता पिता घेतले होते.

इतके गणित केल्यावर नोंद संशयाच्या बाजूने संपायला हवी. ती तशी संपत नाही, आणि या प्रकारच्या नोंदींचे हेच वैशिष्ट्य आहे. 0.86 मिलिमीटरच्या खालीच तिने लिहिले आहे: ‘पण आठच का म्हणाले? सहा किंवा बारा म्हणता आलं असतं.’ आशेला पुरावा लागत नाही, तिला फक्त एक आडनिडा आकडा लागतो. गोल आकडा ठोकलेला वाटतो आणि आठ मोजलेला वाटतो. आठवडी बाजारातला भाजीवालासुद्धा याच कारणाने चाळीस न म्हणता अडतीस म्हणतो.

मग तिने तो अर्ज उघडला. सातव्या वाक्याचा परिणाम म्हणून तो रात्रीच धाडला गेला असता तर भविष्य स्वतःला खरे करून घेते या सिद्धांताला एक उदाहरण मिळाले असते. प्रत्यक्षात तिने एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि खिडकी बंद केली. कारण रोजनिशीत दिले आहे: ‘आठ महिने आहेत की.’ चांगले भविष्य माणसाला कामाला लावते असे समजतात. ते तितक्याच वेळा त्याला वाट पाहायला बसवते, आणि आता वाट पाहण्याला अधिकृत कारण मिळालेले असते. सात महिने आळस म्हणून पडून राहिलेला अर्ज त्या रात्रीपासून योगाची प्रतीक्षा करू लागला.

हे तिच्याही लक्षात आले असावे, कारण शेवटचा परिच्छेद पुन्हा टेस्टिंगच्या वहीसारखा आहे. आठ महिन्यांनंतर निकाल लावायचा तर ‘मोठा बदल’ म्हणजे काय हे आजच ठरवायला हवे, नाहीतर काहीही झाले तरी ते मोठे ठरेल. तिने दोन रकाने आखले. धरायचे: परदेशी प्रवेश, नवी नोकरी, लग्न ठरणे. धरायचे नाही: नवा फोन, केस कापणे, ऑफिसात खुर्ची बदलणे, आत्याशी भांडण. हस्तदर्शनाचा पडताळा घेण्याचा याहून साधा मार्ग नाही. अट एकच आहे, रकाने आधी आखायचे आणि नंतर त्यांना हात लावायचा नाही. ही अट सुमारे चार मिनिटे पाळली गेली. ऑफिस हिंजवडीहून खराडीला हलणार असल्याची सूचना शुक्रवारीच आली होती. ती आधी ‘धरायचे नाही’ या रकान्यात लिहिलेली आहे. मग तिच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. मग तिच्यापासून पहिल्या रकान्याकडे जाणारा एक बाण काढून तो अर्ध्यात सोडला आहे.

फोनमध्ये आठ महिन्यांनंतरच्या रविवारची आठवण लावल्याचा उल्लेख येतो, आणि वेळ 12.40 अशी दिली आहे. त्यानंतर लेखिका पुन्हा नोंदीच्या सुरुवातीला गेली. तिथे ‘काका 501’ पुढचे सदर अजून रिकामे होते. आता त्या जागी ‘गुंतवणूक’ असा शब्द आहे. तो पेन्सिलीने लिहिला आहे, आणि खोडरबर रोजनिशीच्या त्याच पानात ठेवलेला आहे.